व्हिडिओ कॉपीराइट तपासणीत अडकला, तर क्लायंटला काय लिहायचं?

“मॅडम, व्हिडिओ कॉपीराइट रिव्ह्यूमध्ये आहे, थोडा वेळ लागेल.” असा मेसेज गेला की पाच मिनिटांत फोन वाजतो. कुणी तक्रार केली का? माझं चॅनल बंद होणार का? पैसे भरावे लागतील का? आणि थोडा वेळ म्हणजे नेमका किती? या चारही प्रश्नांची उत्तरं त्या मेसेजमध्येच असायला हवी होती. ती नव्हती, कारण बहुतेक वेळा पाठवणाऱ्यालाही ती माहीत नसतात. म्हणून ही छोटी चिठ्ठी लिहायला बसण्याआधीचं काम चिठ्ठीपेक्षा मोठं आहे, आणि या लेखातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

एक उदाहरण धरून चालू. ठाण्यात राम मारुती रोडवर पैठणीचं एक दुकान आहे असं समजा. मालकीणबाईंनी अक्षय्य तृतीयेसाठी दोन मिनिटं वीस सेकंदांचा व्हिडिओ सांगितला. तुम्ही गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत तलावपाळीजवळ शूट केलंत. त्या नऊवारीत उभ्या राहून कॅमेऱ्याकडे बघत दुकानाबद्दल बोलल्या. मागून ढोलताशांचं पथक गेलं आणि त्याच्या मागोमाग एक टेम्पो, वर मोठा स्पीकर, त्यावर सिनेमातलं गाजलेलं गाणं. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत साधारण महिना मिळतो. एडिटिंग, रंग, दोन दुरुस्त्या यात निम्म्याहून जास्त दिवस गेले. सणाला बारा दिवस उरलेले असताना तुम्ही दुकानाच्या यूट्यूब चॅनलवर व्हिडिओ अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा, टाकलात, लिंक बाईंना बघायला पाठवलीत, आणि तपासणीत 0:48 ते 1:09 या भागावर कॉपीराइटचा दावा दिसला.

पहिली पायरी: अडवलंय कुणी, ते बघा

‘कॉपीराइट रिव्ह्यू’ या दोन शब्दांखाली निदान चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा असतो.

अपलोड करताना यूट्यूब स्टुडिओत `Checks` नावाचा टप्पा येतो. तिथे यंत्रणा व्हिडिओतला आवाज आणि चित्र तिच्याकडे नोंदवलेल्या गाण्यांशी, सिनेमांशी ताडून पाहते. हे बहुधा काही मिनिटांत उरकतं. एवढ्यासाठी क्लायंटला कळवायची गरज नाही. चहा घ्या आणि पुन्हा बघा.

दुसरा प्रकार म्हणजे कंटेंट आयडीचा दावा. उदाहरणात हाच आहे. हक्कदार कंपनीने आपलं गाणं यंत्रणेत नोंदवलेलं असतं, ते तुमच्या व्हिडिओत सापडलं की दावा आपोआप लागतो. व्हिडिओचं पुढे काय करायचं हे हक्कदाराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं: व्हिडिओ चालू द्यायचा पण जाहिरातीचे पैसे स्वतः घ्यायचे, फक्त आकडे बघायचे, किंवा काही देशांत वा सगळीकडे अडवायचा. दाव्याच्या तपशिलात यातलं काय लागू आहे ते लिहिलेलं असतं. दाव्यामुळे चॅनलला स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, लागत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे व्हिडिओ काढून टाकण्याची कायदेशीर मागणी. ती मान्य झाली तर व्हिडिओ खाली उतरतो आणि स्ट्राइक लागतो. स्ट्राइक 90 दिवसांनी जातो, पण त्या काळात तीन जमले तर चॅनलच बंद होऊ शकतं. हे प्रकरण गंभीर आहे. ते मेसेजवर उरकू नका, समोर बसून बोला.

चौथा प्रकार सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त वेळा घडणारा: कुणीच अडवलेलं नसतं, तुम्हालाच शंका आल्यामुळे तुम्ही थांबलेले असता. विकत घेतलेल्या संगीताच्या परवान्यात जाहिरातीचा वापर बसतो का, ते विचारून घ्यायचं असतं. अशा वेळी ‘यूट्यूबने अडवलं’ असं लिहिणं खोटं तर आहेच, शिवाय क्लायंटच्या भाच्याला यूट्यूब कळत असेल तर ते दहा मिनिटांत उघडं पडतं. सरळ ‘मी थांबवलं आहे’ असं लिहा. त्याने पत वाढते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: वाट कोणती, ते चिठ्ठीआधी ठरवा

आपल्या उदाहरणात दाव्याच्या तपशिलात असं दिसतं की व्हिडिओ सगळीकडे चालेल, फक्त त्यावर हक्कदाराच्या वतीने जाहिराती लागू शकतील. मग उशीर तरी का करायचा? नवीन मुलं इथेच घाई करतात. पैठणीच्या दुकानाच्या व्हिडिओआधी दुसऱ्याच साड्यांच्या ब्रँडची जाहिरात वाजली तर बाई काय म्हणतील, विचार करा. शिवाय हक्कदार आपलं धोरण पुढे बदलू शकतो. आज चालणारा व्हिडिओ ऐन सणाच्या आठवड्यात अडवला गेला, तर तेव्हा हाताशी वेळ नसेल.

दुसरी वाट म्हणजे दाव्याला आव्हान देणं. आव्हान दिलं की हक्कदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. तुमच्याकडे बारा आहेत. पण दिवसांचा हिशोब बाजूला ठेवला तरी मुद्दा टिकतो का, हे बघायला हवं. ‘वीसच सेकंद आहेत’ हा मुद्दा टिकत नाही. अमुक सेकंदांपर्यंत गाणं फुकट असा नियम ना यूट्यूबवर आहे, ना आपल्या कायद्यात. ‘रस्त्यावर वाजत होतं, मी लावलं नाही’ हा मुद्दा ऐकायला पटतो, पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये ‘पार्श्वभूमीत ओघाने आलेलं चालतं’ अशी जी सवलत सिनेमासाठी आहे ती चित्र, शिल्प अशा कलाकृतींबद्दल आहे. गाण्याच्या रेकॉर्डिंगचा त्यात उल्लेख नाही. त्याच कलमात धार्मिक विधी आणि लग्नसोहळ्यात गाणं वाजवण्याची मुभा आहे आणि लोक तिचा दाखला नेहमी देतात. पण ती तिथे वाजवण्यापुरती. वाजलेलं गाणं दुकानाच्या जाहिरातीत बसवण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

क्लायंट आणखी एक वाक्य हमखास ऐकवतो: “अहो, अभंग आहे तो, त्याला कसला कॉपीराइट!” तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, हे खरं. पण त्याला कुणीतरी लावलेली चाल आणि कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो, आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे शब्द मोकळे आणि गाणं बांधलेलं, असं अगदी सर्रास असतं.

आता दुरुस्तीची वाट. यूट्यूब स्टुडिओत दाव्याच्या तपशिलातूनच तो भाग कापता येतो, गाणं बदलता येतं, त्या भागाचा आवाज बंद करता येतो, किंवा `Erase song` वापरून बोलणं ठेवून फक्त गाणं पुसता येतं. याचा मोठा फायदा म्हणजे लिंक तीच राहते. पण पुसणं दर वेळी जमत नाही. गाणं मोठं आणि बोलणं त्यात बुडालेलं असेल तर आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. हेडफोन लावून ऐका, मगच ठरवा. टेम्पो चार हातांवर होता, तेव्हा इथे ते जमणार नाही असं धरून चालू. मग उरतं ते मूळ टाइमलाइनवर परत जाणं: बाईंची तीच वाक्यं दुकानात शांततेत रेकॉर्ड करायची, त्यावर त्यांचा चेहरा जवळून न दाखवता पैठणीच्या पदराचे आणि शोभायात्रेचे शॉट लावायचे, आणि खाली पथकाचा, गाणं सुरू होण्याआधीचा आवाज टाकायचा. रेकॉर्डिंगला पंधरा मिनिटं, एडिटिंगला एक दिवस, नव्याने अपलोड आणि तपासणीला अर्धा दिवस. बारा दिवसांत आरामात बसतं.

पण यात एक मेख आहे. यूट्यूबवर जुन्या व्हिडिओच्या जागी नवी फाइल घालता येत नाही. नवं अपलोड म्हणजे नवी लिंक. बाईंनी जुनी लिंक घेऊन पिशव्यांवर किंवा पत्रकावर क्यूआर कोड छापायला दिला असेल तर तो फुकट जाईल. हे चिठ्ठीत आलंच पाहिजे.

तिसरी पायरी: ईमेलच्या आधी पोहोचा

चॅनल दुकानाचं आहे, म्हणून दाव्याची सूचना दुकानाच्या ईमेलवर जाते. ती इंग्रजीत असते, आणि ‘कॉपीराइट’ हा शब्द वाचून माणूस घाबरतो किंवा घाबरून काहीतरी दाबतो. एखाद्या क्लायंटने उत्साहाने स्वतःच आव्हान देऊन टाकलं तर पुढचा गुंता तुमच्याच गळ्यात येतो. म्हणून वाट ठरली की त्याच दिवशी लिहा. व्हॉट्सॲप चालेल, पण लिहूनच. व्हॉइस नोट नको. ही चिठ्ठी बाई त्यांच्या यजमानांना, भागीदाराला किंवा सोशल मीडिया बघणाऱ्या मुलीला पुढे पाठवणार आहेत, आणि पुढे पाठवलेल्या व्हॉइस नोटचं सार प्रत्येक जण आपल्या मनाने काढतो.

चौथी पायरी: चिठ्ठी

> नमस्कार ताई,
>
> अक्षय्य तृतीयेचा व्हिडिओ आज देणार होतो, तो आता गुरुवारी संध्याकाळी देईन. शोभायात्रेत तुम्ही बोलत होतात तेव्हा मागे टेम्पोवर सिनेमाचं गाणं वाजत होतं. यूट्यूबच्या यंत्रणेने ते ओळखून त्या वीसेक सेकंदांवर कॉपीराइटचा दावा लावला आहे. हा दावा आपोआप लागतो. यामुळे चॅनलला स्ट्राइक लागत नाही आणि यूट्यूबला काही भरावंही लागत नाही.
>
> तो भाग आपण तुमच्या नव्याने रेकॉर्ड केलेल्या आवाजावर बसवू. त्यासाठी मंगळवारी दुकान उघडण्याआधी तुमची पंधरा मिनिटं हवीत. बाकी व्हिडिओ आहे तसाच राहील.
>
> तुम्हाला यूट्यूबचा इंग्रजी ईमेल येईल. त्यातलं काही दाबू नका, मला फक्त पुढे पाठवा. आधी दिलेली लिंक बदलणार आहे, ती कुणाला देऊ नका, छापायलाही नको.
>
> मंगळवारी साडेनऊला येऊ का?

यात पहिल्याच वाक्यात नवी तारीख आहे. नवीन लोक आधी कारण सांगतात, मग माफी मागतात आणि तारीख शेवटी लिहितात, किंवा लिहीतच नाहीत. दुकानदाराला आधी तारीख हवी असते, कारण त्यावर त्याची पत्रकं, पेपरातली जाहिरात, नातेवाइकांना करायचे मेसेज असं सगळं ठरतं. गुरुवार कुठून आला? मंगळवारी रेकॉर्डिंग, बुधवारी एडिटिंग, गुरुवारी सकाळी अपलोड. तरी गुरुवार सकाळ न लिहिता संध्याकाळ लिहिली आहे, म्हणजे तपासणी रेंगाळली तरी शब्द पाळता येतो. ही तारीख देता येते, कारण तिच्यातलं प्रत्येक काम तुमच्या किंवा बाईंच्या हातात आहे.

कारण सांगताना गाण्याचं नाव आणि कंपनीचं नाव मुद्दाम टाळलं आहे. नाव आलं की “ते गाणं तर सगळेच वापरतात” ही चर्चा सुरू होते आणि मंगळवारची वेळ ठरायची राहते. दोषही कुणाला दिलेला नाही. टेम्पो आला तेव्हा शूट थांबवायला हवं होतं की बाईंनीच “चालू दे, छान वाटतंय” म्हटलं होतं, हा हिशोब या चिठ्ठीत नको. बाकी राहिलेल्या पैशांची आठवणही इथे करून देऊ नका.

‘स्ट्राइक लागत नाही’ हे वाक्य फक्त कंटेंट आयडीच्या दाव्यापुरतं खरं आहे. तिसऱ्या प्रकारात ते तसंच उचलून टाकाल तर खोटं ठराल. ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ असं तर कधीच लिहू नका. पुढे काही झालंच तर तेवढंच वाक्य लक्षात राहतं.

शेवट प्रश्नाने केला आहे, कारण उत्तर हवं आहे. ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा’ असं लिहिलं तर बाई अंगठा दाखवणारा इमोजी पाठवतील आणि मंगळवारी साडेनऊला दुकानाचं शटर बंद असेल.

आव्हान द्यायचंच असेल तर

समजा गाणं टेम्पोवरचं नव्हतं. तुम्ही पैसे देऊन घेतलेलं पार्श्वसंगीत होतं, परवाना हातात आहे, तरी दावा लागला. असं होतं. एकच बीट अनेकांनी विकत घेतलेली असते आणि त्यातला कुणीतरी स्वतःचं गाणं म्हणून ती नोंदवतो. इथे तुमची बाजू भक्कम आहे. आधी संगीत विकणाऱ्या साइटला चॅनलची आणि व्हिडिओची लिंक पाठवा. पुष्कळदा ते स्वतःच दावा काढून घ्यायला लावतात. ते जमलं नाही तर परवान्याच्या आधारे आव्हान. मात्र परवाना कुणाच्या नावावर आहे आणि त्यात क्लायंटच्या चॅनलवरचा वापर बसतो का, हे वाचून घ्या. स्वतःच्या चॅनलपुरता घेतलेला स्वस्तातला प्लॅन दुकानाच्या चॅनलवर चालत नाही, हे बऱ्याच जणांना इथेच पहिल्यांदा कळतं.

आणि हे क्लायंटला न विचारता करू नका. आव्हान त्यांच्या चॅनलवरून जातं. ते फेटाळलं गेलं आणि अपील केलं तर अपिलात नाव-पत्ता द्यावा लागतो, हक्कदाराला उत्तरासाठी 7 दिवस मिळतात, आणि तो व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी करू शकतो. तेव्हा लागणारा स्ट्राइकही त्यांच्याच चॅनलचा. शिवाय आपल्या कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती करवून घेणाराच असतो. तेव्हा चिठ्ठीत दोन वाटा ठेवा आणि निवड त्यांच्यावर सोपवा:

> नमस्कार सर, व्हिडिओतल्या पार्श्वसंगीतावर यूट्यूबवर एक दावा लागला आहे. त्या संगीताचा परवाना आपल्याकडे आहे, त्यामुळे आपण दाव्याला आव्हान देऊ शकतो. पण समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवसांपर्यंत मुदत असते आणि ती माझ्या हातात नाही. दुसरा मार्ग म्हणजे संगीत बदलून परवा संध्याकाळी व्हिडिओ देणं. माझं मत दुसऱ्या मार्गाचं आहे. आव्हान तुमच्या चॅनलच्या नावाने जाईल, म्हणून तुमच्याशी बोलल्याशिवाय देत नाही. आज दुपारी फोन करू का?

‘माझं मत’ लिहायला लाजू नका. क्लायंटने तुम्हाला काम दिलंय ते यासाठीच. 30 दिवस हा आकडाही ‘लवकरच’ किंवा ‘दोन-तीन दिवसांत’ असा सौम्य करू नका. समोरचा उद्याही सोडेल, पण तो महिनाभर गप्प बसला तर मुदत त्याची, ओरडा तुम्हाला.

इन्स्टाग्रामचा प्रश्न येणारच

“मग यूट्यूब राहू दे, इन्स्टावर टाक” असं कुणीतरी म्हणेल. तिथली तपासणी वेगळी आहे, पण दुकानाच्या बिझनेस अकाउंटला वैयक्तिक रील्समध्ये मिळणारी सगळी सिनेमाची गाणी मिळत नाहीत. धंद्याच्या वापरासाठी वेगळा, मोकळा साठा दिलेला असतो. भाचीच्या रीलवर गाणं चाललं म्हणून दुकानाच्या रीलवर चालेल असं नाही. एवढं एका ओळीत सांगा आणि दुरुस्त केलेलीच फाइल दोन्हीकडे टाका.

गुरुवार

ठरल्या दिवशी काहीतरी गेलंच पाहिजे, व्हिडिओ किंवा चिठ्ठी. मंगळवारी बाईंच्या घरी अचानक काही निघालं आणि रेकॉर्डिंग बुधवारवर गेलं, तर त्याच दिवशी दोन ओळी पाठवा: “रेकॉर्डिंग उद्यावर गेलं, म्हणून व्हिडिओ शुक्रवारी संध्याकाळी. बाकी सगळं तयार आहे.” गुरुवारी रात्री त्यांनी विचारल्यावर दिलेलं उत्तर हेच असलं, तरी ते सबबीसारखं वाचलं जातं.

नवी फाइल टाकली की `Checks` पूर्ण होऊ द्या, कॉपीराइटच्या रकान्यात काही नाही ना ते बघा, आणि मगच लिंक पाठवा. सोबत “ही नवी लिंक, छापायला हीच द्या” एवढं लिहा. बाईंनी त्यांच्या मोबाइलवर ती उघडून बघितल्याचं कळेपर्यंत जुन्या व्हिडिओला हात लावू नका. कळलं की तो प्रायव्हेट करा, कारण जुनी लिंक कुणाच्या ना कुणाच्या फॅमिली ग्रुपवर गेलेली असतेच.